रविवारचं इंजेक्शन आणि शुक्रवारची दुपार

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी सव्वाचारच्या सुमारास सांगलीहून एका मुलाचा फोन आला. आमच्या दवाखान्यात मी मधुमेहाच्या रुग्णांना इंजेक्शन कसं घ्यायचं, शुगर कशी तपासायची हे शिकवते. त्यामुळे असे फोन डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे येतात. "मॅडम, आईचं रविवारचं इंजेक्शन राहिलं. आत्ता लातूरहून घरी पोचलोय. लगेच देऊन टाकू का?" मागून काकूंचा आवाज येत होता, "अरे तिला सांग, मला काही होत नाहीये. उलट चांगली भूक लागतीये."

काकूंचं वय 61. मधुमेहाला बारा वर्षं झाली. दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी एक मिलिग्रॅमची ग्लिमेपिराइड एवढ्यावर बरीच वर्षं गेली. मग तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीएवनसी साडेआठच्या वर राहायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं पेन सुरू केलं. पहिले चार आठवडे पाव मिलिग्रॅम, त्यानंतर अर्धा. त्या शुक्रवारी अर्ध्या मिलिग्रॅमवर त्यांचे पाच महिने होत आले होते. शेवटची तपासणी 7.2 आली होती आणि काकू त्यावर खूश होत्या.

वार रविवार, वेळ सकाळी नऊ. वार कोणता ठेवायचा हे सुरुवातीला मीच विचारलं होतं. काकू गुरुवार म्हणाल्या, कारण त्या दिवशी त्यांचा उपवास असतो आणि "पोट रिकामं असलेलं बरं" असं त्यांना वाटत होतं. या इंजेक्शनाला पोट रिकामं असो की भरलेलं, फरक पडत नाही, हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "मग रविवार ठेवू, मी घरी असतो." सोय चांगली होती. पण त्या सोयीत एक गोम होती, ती जवळजवळ सहा महिन्यांनी कळली. आठवण ठेवायचं काम काकूंकडून मुलाकडे गेलं होतं, आणि दोघांनाही ते दुसऱ्याचं काम वाटत होतं.

लग्न लातूरला, पुतण्याचं. शनिवारी सगळे निघाले. मुलाला वाटलं, आईनं पेन पर्समध्ये घेतलंय. आईला वाटलं, लातूरच्या उन्हात पेन खराब होईल म्हणून मुलानं मुद्दाम घरी ठेवलंय आणि सोमवारी परत आलो की घेऊ. सोमवारी मुलगा कामासाठी एकटाच परतला. काकू सत्यनारायणासाठी थांबल्या, मग बुधवारी रात्रीच्या गोंधळासाठी थांबल्या. गुरुवारी मुलगा त्यांना आणायला गेला आणि शुक्रवारी सकाळी सातला दोघं निघाले. पेन सगळा वेळ सांगलीच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी होतं.

फोनवर मी पहिला प्रश्न विचारला तो "राहिलं म्हणजे नक्की राहिलं ना?" हा. हसू येण्यासारखा प्रश्न आहे, पण आठवड्यातून एकदाच घेण्याच्या औषधात "घेतलं बहुतेक" हे फार वेळा ऐकायला मिळतं. पेनवरचा आकडा फक्त आत्ता फिरवलेला डोस दाखवतो, मागच्या रविवारी टोचलं की नाही ते सांगत नाही. आणि घेतलं की नाही याची खात्री नसेल, तर पुन्हा टोचून घेणं हा उपाय नव्हे. काकूंच्या बाबतीत शंका नव्हती. पेन सांगलीत आणि काकू लातुरात, म्हणजे रविवारचा डोस गेला नव्हताच. शेवटचा डोस त्याआधीच्या रविवारी, सकाळी नऊला, मुलासमोर.

दुसरा प्रश्न औषधाच्या नावाचा. मुलगा म्हणाला, शेजारच्या वहिनींना विचारलं, त्याही आठवड्याचंच इंजेक्शन घेतात. त्या म्हणाल्या, तीन दिवस उरले असतील तर घ्यायचं, नाहीतर नाही. वहिनी बरोबर होत्या, पण त्यांच्या औषधापुरत्या. त्यांचं पेन ड्युलाग्लुटाइडचं आहे. त्याच्या डब्यातल्या माहितीपत्रकात म्हटलंय की पुढच्या ठरलेल्या डोसला किमान तीन दिवस, म्हणजे 72 तास, उरले असतील तरच राहिलेला डोस घ्या. टिर्झेपेटाइड या आठवड्याच्याच आणखी एका इंजेक्शनाचं पत्रक उलट बाजूनं मोजतं: डोस चुकल्यापासून चार दिवसांच्या, म्हणजे 96 तासांच्या आत घ्या, त्यानंतर सोडा. सातातून चार गेले की तीनच उरतात, म्हणजे या दोघांचा नियम एकच, फक्त एक पुढून मोजतो आणि दुसरा मागून. सेमाग्लुटाइडला पाच दिवसांची मुभा आहे. पाच दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या, त्याहून जास्त झाले तर तो डोस सोडा आणि पुढचा ठरलेल्या वारीच घ्या. पुढच्या डोसकडून मोजलं तर दोन डोसांत किमान दोन दिवस हवेत, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून मी लोकांना "किती दिवस उशीर झाला" यापेक्षा "पुढच्या डोसला किती वेळ उरला" हे मोजायला सांगते. उशिराच्या मोजणीत चूक फार होते. कुणी रविवार धरून मोजतो, कुणी सोडून. शुक्रवार हा रविवारपासून पाचवा दिवस की सहावा, यावर त्या घरात मायलेकाचा वाद झालाच होता. तासात मोजलं की वाद राहत नाही. रविवार सकाळी नऊ ते शुक्रवार सकाळी नऊ म्हणजे 120 तास, पाच दिवस पूर्ण. फोन आला सव्वाचारला. पाच दिवस संपून सात तास उलटले होते. पुढच्या रविवारच्या नऊला उरले होते साधारण 41 तास.

मुलाचं पुढचं वाक्य अगदी रास्त होतं. "फक्त सात तासांनी काय बिघडतं, मॅडम?"

खरं उत्तर असं की सात तासांनी औषधाचं विष होत नाही. पण रेघ तिथेच का मारली आहे, हे आकड्यांनी दिसतं. सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो. म्हणूनच ते आठवड्यातून एकदा पुरतं. नियमित घेणाऱ्याच्या रक्तात, डोसनंतरची पातळी शंभर धरली, तर पुढच्या रविवारी पन्नास उरते आणि नवा डोस पुन्हा पन्नासाची भर घालून शंभर करतो. हा ढोबळ हिशोब आहे. प्रत्यक्षात इंजेक्शन कातडीखालून हळूहळू रक्तात उतरतं, वरची पातळी यायला एक ते तीन दिवस लागतात. पण तुलनेला एवढं पुरतं.

काकूंच्या शेवटच्या डोसला शुक्रवारी दुपारी सव्वाबारा दिवस झाले होते, म्हणजे पातळी तीसच्या आसपास. शून्य नाही. हे ऐकून मुलाचा आवाज जरा खाली आला. "आई पाच दिवस औषधाविना आहे" असं तो समजत होता, आणि तसं नव्हतं.

समजा शुक्रवारी दुपारीच टोचलं, तर तीस आणि पन्नास, ऐंशी. रविवारी सकाळपर्यंत ती अडुसष्टच्या आसपास उतरली असती. त्यावर नेहमीचा डोस घेतला असता तर एकशे अठरा. म्हणजे तीसवर असलेलं पोट दोन दिवसांत, नेहमीच्या शंभराच्याही वर गेलं असतं. या औषधाची मळमळ, उलटी, पोट गच्च वाटणं हे सगळं पातळी वेगानं चढताना जास्त जाणवतं. म्हणून तर सुरुवात पाव मिलिग्रॅमनं करतात. याउलट मंगळवारी सकाळी आठवलं असतं आणि तेव्हा घेतलं असतं, तर एक्क्याण्णव झाली असती आणि रविवारी डोस घेऊन एकशे पाच. नेहमीपेक्षा फारसं वेगळं नाही. मंगळवारी निर्धास्त घ्या म्हणणारा नियम शुक्रवारी नको का म्हणतो, ते इथे कळतं.

आणि वाट पाहिली तर? रविवारी पातळी पंचवीसवर येते, डोस घेतला की पंच्याहत्तर, त्याच्या पुढच्या रविवारी सत्त्याऐंशी, मग चौऱ्याण्णव. दोन-तीन आठवड्यांत गाडी रुळावर येते. शुक्रवारी घेऊन मिळणारा फायदा म्हणजे 41 तास आधी सुरुवात. त्यासाठी रेघ ओलांडण्यात मला अर्थ दिसला नाही.

एक मधली वाट मुलानंच काढली. शुक्रवारी घेऊ आणि आता वारच शुक्रवार करू, म्हणजे पुढचा डोस परवा नाही, पुढच्या शुक्रवारी. आकड्यांत बघितलं तर यात काही वावगं नाही, दोन डोसांत पूर्ण सात दिवस पडतात. पण पत्रकातली सरळ वाट "सोडा आणि ठरलेल्या वारी घ्या" अशी आहे, आणि तिच्यापासून बाजूला जायचं तर ते ठरवणं माझं काम नाही. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: उलट्या वगैरे काही आहेत का, आणि ग्लिमेपिराइड चालू आहे का. मग म्हणाले, रविवारपर्यंत थांबू दे. प्रवासातून आल्यात, लग्नाचं जेवण झालंय, आज पोटाला आणखी काही नको.

सुनेचा प्रस्ताव अजून बाकी होता. रविवारी दोन डोस एकदम घ्यायचे, एक मागचा आणि एक पुढचा. "राहिलेला हप्ता व्याजासकट भरायचा का?" असं मी म्हटल्यावर ती हसली, पण हा विचार इतक्या घरांत ऐकलाय की हसण्यावारी नेत नाही. पंचवीसवर शंभराची भर म्हणजे सव्वाशे, आणि तीही एका सकाळी. डबल डोस घेऊन दोन दिवस उलट्या करत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. मे महिन्यात उलट्या म्हणजे अंगातलं पाणी जाणं, त्याचा ताण किडनीवर, आणि जेवण जात नसताना ग्लिमेपिराइड पोटात असेल तर शुगर एकदम खाली येण्याची भीती. राहिलेला डोस भरून काढायचा नसतो.

काकूंचं म्हणणं तर तिसरंच होतं. भूक चांगली लागतीये, अंगात तरतरी आहे, मग बंदच करून बघू की. भूक परत आली हे खरं होतं, कारण औषधाची पातळी उतरत होती. पण त्याच वेळी काय चाललंय ते ग्लुकोमीटर सांगत होता. संध्याकाळी सहाला, चहा-चिवड्यानंतर, 214. शनिवारी सकाळी उपाशीपोटी 158. लातूरला जाण्याआधी त्यांची उपाशीपोटीची शुगर 115 ते 125 मध्ये असायची. सगळा दोष चुकलेल्या डोसचा नाही, पाच दिवस जिलेबी आणि पंगतीही होत्या. काकू स्वतःच म्हणाल्या, "जिलेबीचं नाव मी घेणार नव्हते." आकडा बघून त्यांना ग्लिमेपिराइडची एक जादा गोळी घ्यावीशी वाटली. तीही मी अडवली. 158 ही धावपळ करण्याची शुगर नाही, आणि वाढवलेली गोळी रविवारच्या इंजेक्शनच्या अंगावर आली असती.

रविवारी सकाळी मी फोनवर होते, मुलानं स्पीकर लावला. आधी पेन बघायला सांगितलं. औषध पाण्यासारखं स्वच्छ, रंग नाही, आत काही तरंगत नाही. फ्रिज आठवडाभर चालू होता, वीज एकदा दोन तास गेली होती. वापरात असलेलं पेन तीस अंशांच्या खाली बाहेरही चालतं, त्यामुळे दोन तासांची चिंता नव्हती. खरी धास्ती गोठण्याची असते. बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेलं पेन एकदा गोठलं, तर वितळल्यावर कितीही चांगलं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. काकूंचं पेन दारात होतं, ठीक होतं. सुई नवी लावली. मागच्या वेळची सुई तशीच ठेवली तर औषध गळतं, हवा शिरते आणि डोस कमी जातो. लोक सुईचे पैसे वाचवायला बघतात, पण महागड्या औषधाचे थेंब गळून जातात त्याचा हिशोब कुणी करत नाही.

जागा बेंबीपासून चार बोटं बाजूला, मागच्या वेळी डावीकडे होती म्हणून आता उजवीकडे. आकडा अर्ध्यावर फिरवला, सुई सरळ आत, बटण दाबून धरलं. इथे काकूंची जुनी सवय आडवी येते. आकडा शून्यावर आला की त्या लगेच सुई काढतात. शून्य दिसल्यावर मनात सावकाश सहा मोजायचे, बटण दाबलेलंच ठेवून. मी फोनवर मोजले. सुई काढल्यावर कातडीवर एक बारीक थेंब दिसला. मुलगा घाबरला, "गेलं नाही वाटतं, परत देऊ?" नाही. थेंबभर दिसलं तर डोस गेला असंच धरायचं, पुन्हा टोचायचं नाही. कातडी ओलीचिंब झाली असती तरी पुन्हा टोचायचं नसतं, फोन करायचा असतो.

पुढचे दोन दिवस काय बघायचं ते सांगितलं. जेवण थोडं आणि सावकाश, तळलेलं नको, पाणी घोटाघोटानं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी शुगर तपासायची, सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. पोटात असह्य कळ, ती पाठीकडे जातीये आणि उलट्या थांबत नाहीत, असं झालं तर माझ्या फोनची वाट न बघता थेट दवाखाना. यातलं काही झालं नाही. सोमवारी दुपारी जरा मळमळलं, काकूंनी वरणभात निम्मा ठेवला. बुधवारी उपाशीपोटी 131, पुढच्या रविवारी 124.

महिनाभरानं काकू आल्या त्या वार बदलायचा म्हणूनच. लग्नं, बारशी, सहली सगळं रविवारी. शिवाय आठवण स्वतः ठेवायची होती. त्यांना बुधवार हवा होता. दोन डोसांत दोन दिवसांहून जास्त अंतर राहत असेल तर वार बदलता येतो. म्हणजे रविवारी घेऊन लगेच तीन दिवसांनी बुधवारी घेतलं तरी नियमात बसलं असतं. दुसरी वाट, रविवारनंतर दहा दिवसांनी, पुढच्या आठवड्याच्या बुधवारी घ्यायचं. हा तीन दिवसांचा उशीर, पाचच्या आतला, म्हणून तोही चालतो. एकीत पातळी नेहमीच्या वर चढते, दुसरीत जरा उतरते. काकूंचं पोट नाजूक आहे म्हणून डॉक्टरांनी दहा दिवसांची वाट सांगितली. त्या दहा दिवसांत शेवटी उपाशीपोटी 139 पर्यंत गेली आणि पुढच्या आठवड्यात परत खाली आली. ग्लिमेपिराइड तशीच ठेवली होती.

प्रवासाचाही निकाल तेव्हाच लावला. वापरात असलेलं पेन लातूरला नेता आलं असतं. फक्त मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा खिडकीशी ठेवायचं नाही, आणि बर्फाच्या पिशवीला चिकटवायचंही नाही, मध्ये जाडसर नॅपकिन हवा. फ्रिज नसलेल्या घरी ओल्या फडक्यानं गुंडाळलेलं मडकं, आत कोरड्या डब्यात पेन, ही इन्सुलिनवाल्यांची जुनी युक्ती इथेही चालते. बाहेर किती आठवडे टिकतं याचा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून पेन पहिल्यांदा उघडलं ती तारीख पेनाच्याच पट्टीवर लिहायला सांगितली. काकूंनी ती लिहिली आणि वर हळदीचं बोटही उमटवलं.

फ्रिजवर आता कालनिर्णय आहे. प्रत्येक बुधवारी पेन्सिलीनं "उ" किंवा "डा", म्हणजे उजवी बाजू की डावी. अक्षर नसेल तर टोचलं नाही. परवा मुलगा औषध न्यायला आला होता, त्यानं सांगितलं की गेल्या बुधवारी आई आजोळी निघाली तेव्हा पेनाचा डबा तिनं स्वतः पर्समध्ये टाकला आणि दारातून वळून त्याला विचारलं, "तू काही विसरला नाहीस ना?"